चाळीस मिलिमीटरच्या भोकाने मिळवून दिलेली इंटर्नशिप

चाकण औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात, शेवटच्या सत्रातील पूर्णवेळ इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली आहे, हे कळवताना मला आनंद होत आहे. रुजू होईपर्यंत कंपनीचे नाव जाहीर करू नये अशी सूचना निवडपत्रातच असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. काम मापनकक्षात, म्हणजे कारखान्यातील मोजमापाची साधने जिथे तपासली जातात त्या वातानुकूलित खोलीत असेल. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या आमच्या वर्गातील अनेकांना ही जागा फारशी आकर्षक वाटत नाही, कारण तिथे यंत्रे चालत नाहीत आणि नवीन काही बनतही नाही. पण मला ती मागूनच घ्यायची होती. ती का मागितली आणि मुलाखतीत त्याविषयी काय विचारले गेले, हे थोडे सविस्तर लिहिते. माझी निवड ज्या कामावर झाली, त्यातला माझा वाटा किती आणि इतरांचा किती, हे आकड्यांसकट सांगितल्याशिवाय आभार मानणे मला अपुरे वाटते.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमचा गट कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका छोट्या यंत्रशाळेत जात होता. तिथे अॅल्युमिनियमच्या ओतीव घरांमध्ये बेअरिंग बसवण्यासाठी सीएनसी यंत्रावर ४० मिलिमीटर व्यासाचे भोक केले जाते. रेखाचित्रावर त्याची सहनमर्यादा एच-७ होती. म्हणजे भोक नेमके ४०.००० मिलिमीटर चालेल, त्याहून जास्तीत जास्त २५ मायक्रॉनने, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरने मोठे चालेल, पण एका मायक्रॉननेही लहान चालणार नाही. यंत्रशाळेतून ‘ओके’ होऊन गेलेल्या लॉटमधले काही जॉब, म्हणजे भोक केलेली तयार घरे, ग्राहकाकडून ‘बोअर लहान’ असा शेरा घेऊन परत येत होते. परत आलेला जॉब दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला की ग्राहकाचे म्हणणे बरोबर निघत असे, आणि पाठवण्याआधीच्या नोंदवहीत मात्र त्याच लॉटचे माप व्यवस्थित मर्यादेत दिसत असे. मालकांचा पहिला संशय तपासनिसांवर होता. माणूस बदलला की माप बदलते, हे या धंद्यातले जुने आणि बहुतेक वेळा खरे ठरणारे निदान आहे.

म्हणून आमच्या प्रकल्पाचा मूळ विषयही तोच ठरला होता. मोजमापाच्या पद्धतीचा अभ्यास, ज्याला कारखान्यात सगळे ‘गेज आर अँड आर’ म्हणतात, तो करायचा आणि तपासनिसांच्या हातात किती फरक आहे ते काढायचे. यात १० जॉब घेतात, ३ जणांकडून प्रत्येक जॉब ३ वेळा मोजून घेतात आणि आपण आधी काय वाचले होते ते कोणालाही कळू देत नाहीत. या ९० वाचनांतून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात: एकाच माणसाने तोच जॉब पुन्हा मोजला तर किती फरक पडतो, आणि माणूस बदलल्यावर किती. दोन्ही मिळून होणारा पसारा सहनमर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली समजतात, तीस टक्क्यांच्या वर असेल तर नापास करतात, आणि मधल्या पट्ट्यात कामाचे महत्त्व आणि साधनाची किंमत पाहून निर्णय घेतात. आमचे उत्तर बारा टक्क्यांच्या आसपास आले, म्हणजे २५ मायक्रॉनांपैकी साधारण तीन मायक्रॉन. ते उत्तम नाही, पण भोकाचा व्यास मोजणाऱ्या दोन-बिंदूंच्या बोअर डायलसाठी वाईटही नाही. तपासनिसांचे हात स्थिर होते आणि एकमेकांशी जुळतही होते.

प्रकल्पाचा अहवाल तिथेच संपवता आला असता. संपला नाही, याचे श्रेय त्या यंत्रशाळेतील सर्वांत ज्येष्ठ तपासनिसांना आहे. त्यांना सगळे काका म्हणतात, आम्हीही काकाच म्हणू लागलो. आमचा तक्ता त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “हे सगळं सकाळी घेतलंयसा. दुपारी घ्या की एकदा. सकाळचं माप दुपारी लागत न्हाई, हे आम्हाला ठाव हाय. पण लिहून कुणी दिलं न्हाई.”

आम्ही सकाळचीच वेळ घेत होतो, कारण दुपारनंतर आमची कॉलेजची प्रात्यक्षिके असत. काकांच्या सांगण्यावरून आम्ही एक साधा प्रयोग केला. एक तयार जॉब आणि पोलादाची मास्टर रिंग, म्हणजे जिच्यावर बोअर डायल शून्याला लावतात ती प्रमाणित कडी, अशा दोन्ही वस्तू रात्रभर एकाच बिडाच्या सपाट पाटावर शेजारी ठेवल्या. सकाळी पाटाचे तापमान २४ अंश होते. डायल रिंगवर लावून जॉब मोजला. दुपारी तीनच्या सुमारास तोच पाट ३५ अंशांवर होता. पुन्हा डायल त्याच रिंगवर लावून तोच जॉब मोजला. जॉबला मधल्या काळात कोणी हात लावला नव्हता, तरी तो चार ते पाच मायक्रॉनने मोठा दिसत होता.

याचे कारण पाठ्यपुस्तकातले आहे. तापमान एका अंशाने वाढले की ४० मिलिमीटरचे अॅल्युमिनियम जवळजवळ एक मायक्रॉनने वाढते आणि तेवढेच पोलाद अर्ध्या मायक्रॉनने. रिंग आणि जॉब दोन्ही तापतात, पण जॉब दुपटीने फुगतो; त्यामुळे रिंगेच्या तुलनेत तो अंशामागे साधारण अर्धा मायक्रॉन मोठा दिसतो. मापनशास्त्रात लांबीचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि रेखाचित्रावर वेगळे काही लिहिलेले नसेल तर तिथले प्रत्येक माप त्याच तापमानाचे मानायचे असते. ग्राहकाचा मापनकक्ष २० अंशांवर होता, यंत्रशाळा एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांवर. पंधरा अंशांचा फरक म्हणजे सुमारे सात मायक्रॉन, आणि ते २५ मायक्रॉनांच्या मर्यादेतून गेले.

एवढ्याने परत आलेल्या सगळ्या जॉबचा हिशोब लागत नव्हता. उरलेला भाग यंत्राजवळ उभे राहिल्यावर दिसला. जॉब यंत्रातून निघाला की ऑपरेटर तो पुसतो आणि लगेच मोजतो, कारण मापावरून पुढच्या जॉबसाठी हत्याराचा ऑफसेट, म्हणजे त्याच्या जागेतली दुरुस्ती, यंत्राला द्यायचा असतो. नुकताच कापलेला जॉब, कूलंट असूनही, शेजारच्या रिंगेपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असे. त्याचे आणखी तीन-चार मायक्रॉन. एक जॉब यंत्रातून काढून पाटावर ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने मोजत राहिलो, तेव्हा डायलचा काटा प्रत्येक वेळी थोडा खाली थांबत गेला आणि अर्ध्या तासानंतर स्थिरावला.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहा. दुपारी ऑपरेटरला डायलवर ४०.०१२ दिसते, म्हणजे मर्यादेचा अगदी मध्य, आणि तो समाधानाने ऑफसेट तसाच ठेवतो. त्यातले खोली तापल्याचे सात आणि जॉब गरम असल्याचे साडेतीन-चार मायक्रॉन वजा केले तर २० अंशांना तेच भोक ४०.००१ च्या जवळपास असते. यंत्राच्या नेहमीच्या कमी-जास्तीत काही जॉब त्याखाली जाणार, हे उघड आहे. सगळ्यांत विचित्र भाग असा की ऑपरेटर जितका दक्ष, तितके नुकसान अधिक. माप वाढताना दिसले की तो ऑफसेट कमी करतो आणि भोक प्रत्यक्षात लहान करत जातो. भोकात घालून पाहायचा ‘गो’ प्लग गेजही या बाबतीत मदतीला येत नाही, कारण तोही पोलादाचाच असतो आणि फुगलेल्या भोकात सहज जातो.

उपाय यंत्रशाळेच्या मालकांनी केला, आम्ही नव्हे. आम्ही तापमानानुसार किती मायक्रॉन वजा करायचे याचा तक्ता करून दिला होता. तो यंत्रावर चिकटवलाही गेला, पण पाळीच्या धांदलीत ऑपरेटरने तापमापक पाहायचा, तक्त्यात ओळ शोधायची आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती, आणि काकांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले होते. मालकांनी त्याच ओतीव मिश्रधातूतला एक चांगला जॉब निवडला, त्याचे भोक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत २० अंशांना मोजून घेतले आणि पोलादी रिंगेऐवजी डायल लावण्यासाठी तो ‘मास्टर जॉब’ म्हणून वापरायला सुरुवात केली. मास्टर आणि जॉब एकाच धातूचे असले की खोलीचे तापमान दोघांना सारखेच फुगवते आणि फरक आपोआप जातो. याची किंमतही आहे: अॅल्युमिनियम मऊ असते, डायलच्या टोकांनी त्यावर घासल्याच्या खुणा पडतात आणि असा मास्टर पोलादी रिंगेपेक्षा कितीतरी लवकर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. जॉब गरम असण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी पाळीचा पहिला जॉब आणि हत्यार बदलल्यानंतरचा जॉब पाटावर निवू देऊनच मोजायचा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. प्रत्येक जॉब अर्धा तास थांबवला तर यंत्र थांबेल, हे भान ठेवूनच ती ठरली होती.

निवडीची प्रक्रिया या पार्श्वभूमीवर सुरू झाली. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने अर्ज मागवले, ऑनलाइन लेखी परीक्षा झाली, त्यातून निवडलेल्यांना कारखान्यात बोलावले गेले. लेखी परीक्षेबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. गणित, तर्क आणि यांत्रिकीचे मूलभूत प्रश्न होते.

परिचयपत्रातील एका ओळीबद्दल मात्र सांगायला हवे. माझ्या प्रकल्पापुढे ‘रिजेक्शन कमी केले’ असे लिहावे की नाही, यावर माझ्या मार्गदर्शक सरांशी माझी बरीच चर्चा झाली. परत येणारे जॉब खरोखरच कमी झाले होते. पण त्याच सुमारास यंत्रशाळेने कापण्याच्या इन्सर्टचा प्रकारही बदलला होता, आणि त्यामुळे भोकाच्या मापातील कमी-जास्त काही प्रमाणात घटली असणार. किती फरक मास्टर जॉबमुळे पडला आणि किती इन्सर्टमुळे, हे आमच्या नोंदींवरून वेगळे करता येत नव्हते. सरांचे म्हणणे असे होते की ज्या आकड्याचे कारण तुला वेगळे करून दाखवता येत नाही, तो आकडा तुझ्या नावापुढे लिहू नको. जे मोजले तेवढे लिही. अखेर ओळ अशी झाली: ‘अॅल्युमिनियमच्या भोकाच्या मापावर तापमानाचा होणारा परिणाम प्रयोगाने मोजला, उपाययोजना यंत्रशाळेने केली.’ टक्केवारी नसलेली ओळ स्पर्धेत फिकी दिसेल अशी मला धास्ती होती, आणि इतरांच्या परिचयपत्रांवरचे ठळक आकडे पाहून ती वाढतही होती. मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्याच ओळीवर आले.

मुलाखत टेबलाजवळ झाली नाही. मापनकक्षाच्या प्रमुखांनी मला एका पाटासमोर उभे केले, हातात बोअर डायल आणि एक मास्टर रिंग दिली आणि डायल लावायला सांगितले. रिंग पुसून घेतली आणि आधी तिच्यावर कोरलेला आकडा वाचला. तिथे ४०.००० नव्हे तर ४०.००२ लिहिलेले होते. रिंग कधीच नेमकी बनत नाही. तिचे प्रत्यक्ष माप तपासून तिच्यावर कोरलेले असते, आणि डायल शून्यावर नव्हे तर दोन रेषा पुढे लावायची असते. मग डायल भोकात तिरकी घालून सावकाश मागेपुढे झुलवली. काटा एका दिशेने जातो, एका जागी थांबून उलटा फिरतो; तो उलटण्याचा बिंदू म्हणजे खरा व्यास. हे करताना रिंग तळहातात धरायची नाही, पाटावरच ठेवायची, कारण हाताच्या उबेने तीही वाढते. हे सारे मला आमच्या महाविद्यालयाच्या मापनशास्त्र प्रयोगशाळेतील सहायक काकांनी शिकवले होते. प्रात्यक्षिकाच्या वहीत यातले काहीही नसते. वहीत ‘साधन शून्यावर लावा’ एवढेच वाक्य असते.

त्यानंतर प्रमुखांनी विचारले, “तुमची गेज आर अँड आर बारा टक्के आली, म्हणजे पद्धत कामचलाऊ होती. मग माप चुकीचे कसे निघाले?” माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. गेज आर अँड आर हा अभ्यास वाचनांचा पसारा मोजतो. वाचने खऱ्या मापापासून सरकलेली आहेत का, हे तो विचारतच नाही. तीन तपासनिसांनी तापलेला जॉब तापलेल्या रिंगेशी ताडून मोजला तर तिघांचेही उत्तर एकमेकांशी जुळेल आणि तिघेही सारखेच, एकाच दिशेने चुकतील. ही सरक वेगळ्याने तपासावी लागते: ज्याचे २० अंशांचे माप दुसऱ्या, अधिक अचूक साधनाने काढले आहे असा जॉब आपल्या साधनावर, आपल्या जागी, आपल्या नेहमीच्या वेळी मोजून पाहावा लागतो. एवढे मी सांगितले आणि पुढे हेही सांगितले की हा विचार आम्ही अभ्यास आखताना केला नव्हता. काकांनी दुपारचा मुद्दा काढला म्हणून तो आमच्यापर्यंत आला.

पुढचा प्रश्न अधिक बारीक होता. हिशोबाने अकरा अंशांच्या फरकाला पाच मायक्रॉन यायला हवे होते, तुमच्या डायलवर त्याहून थोडे कमी का आले? याची दोन कारणे मला माहीत होती. तक्त्यात मिळणारा प्रसरणाचा आकडा, अंशामागे मीटरला २३ मायक्रॉन, हा शुद्ध अॅल्युमिनियमचा असतो. ओतकामाच्या मिश्रधातूंत सिलिकॉन असते आणि ते जितके जास्त, तितके प्रसरण कमी होते. शिवाय डायलची सर्वांत लहान रेष एक मायक्रॉनची होती, त्यामुळे ‘चार आणि पाचच्या मध्ये’ याहून अधिक नेमके काही म्हणण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. तिसरे कारणही असू शकते असे प्रमुखांनी सुचवले: पाटाचे तापमान आणि जॉबचे तापमान एकच आहे हे आम्ही गृहीत धरले होते, जॉबला तापमापक लावून पाहिले नव्हते. हा मुद्दा मी टिपून घेतला आहे.

शेवटी त्यांनी वाचनांचा एक छापील तक्ता दिला आणि त्यावर काय वाटते ते विचारले. तो कोणत्या विभागाचा होता हे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वरची मर्यादा ४०.०२५ होती. आकडे ४०.०१० पासून हळूहळू विरळ होत गेले होते, ४०.०२४ आणि ४०.०२५ वर अचानक गर्दी झाली होती आणि ४०.०२६ किंवा त्यापुढे एकही वाचन नव्हते. कापण्याच्या प्रक्रियेतून असा कडा तयार होत नाही. मर्यादेच्या थोडे बाहेर गेलेले वाचन आत ओढून लिहिले जात असले की आलेख असा दिसतो. मी तेवढे सांगून थांबले नाही, कारण यंत्रशाळेत काकांच्या शेजारी बसून पाहिलेले आठवत होते. एक मायक्रॉन बाहेरचा जॉब लाल पेटीत टाकला की तपासनिसाला चार जणांना उत्तर द्यावे लागते आणि आत लिहिला तर कोणालाच नाही. शिवाय ज्या साधनाचा स्वतःचाच पसारा तीन मायक्रॉन आहे, त्यावर २५ आणि २६ यांत निवाडा करायला सांगणे हेच त्या माणसावर अन्यायाचे आहे. म्हणून मी म्हटले की तपासनिसाला जाब विचारण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: बाहेरचे वाचन लिहिल्यावर त्याच्या वाट्याला काय येते, आणि सीमेजवळचे जॉब अधिक चांगल्या साधनावर पुन्हा मोजायची सोय त्याला आहे का. प्रमुखांनी यावर काही मत दिले नाही. फक्त तक्ता परत घेतला.

निवडीचे पत्र नंतर प्लेसमेंट विभागामार्फत आले. माझ्याबरोबर कारखान्यात आलेल्यांपैकी काही जण संगणकीय आरेखनात आणि प्रोग्रामिंगमध्ये माझ्यापेक्षा निश्चितच तयारीचे होते, आणि त्यांतील काहींची निवड इतर विभागांत झाली आहे. त्रिमिती मापनयंत्र मी आजवर केवळ काचेपलीकडून पाहिले आहे, संख्याशास्त्र मला प्रकल्पापुरते येते आणि सहनमर्यादा लिहिण्याच्या भौमितिक पद्धतीतील अर्धी चिन्हे मला अजून पुस्तक उघडून पाहावी लागतात. तेव्हा या निवडीचा अर्थ मी एवढाच घेते की एका छोट्या प्रश्नाजवळ आम्ही पुरेसा वेळ बसलो होतो आणि बसू देणारी माणसे आम्हाला भेटली होती.

त्या माणसांचे आभार मानते. यंत्रशाळेतील काकांचे सर्वांत आधी, कारण प्रकल्पातील मूळ निरीक्षण त्यांचे आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव निरीक्षक म्हणून छापावे, हा आग्रह आमच्या गटाने धरला आणि महाविद्यालयाने तो मान्य केला. यंत्रशाळेच्या मालकांचे, ज्यांनी आपल्या परत आलेल्या मालाची नोंदवही विद्यार्थ्यांपुढे उघडी केली. धंद्यातील माणसासाठी ही सोपी गोष्ट नसते. मार्गदर्शक सरांचे, त्या एका ओळीसाठी आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘कशाने मोजला?’ असे पेन्सिलीने लिहून अहवाल परत पाठवल्याबद्दल. प्रयोगशाळेतील सहायक काकांचे, ज्यांनी सुटीच्या वेळातही आम्हाला डायल झुलवू दिली. आमच्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आणि आता पुण्यात गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या एका ताईंचे, ज्यांनी फोनवर माझी सराव मुलाखत घेतली आणि ‘आम्ही’ कुठे म्हणायचे व ‘मी’ कुठे, हे प्रत्येक उत्तरानंतर विचारले. गटातील दोघा मित्रांचे, कारण ९० वाचनांपैकी बहुतेक त्यांनी लिहून घेतली आणि दुपारच्या प्रयोगासाठी स्वतःची प्रात्यक्षिके बदलून घेतली. मी त्या दिवसांत संध्याकाळी उशिरा घरी येत असे, त्याबद्दल आईबाबांनी एकदाही कुरकुर केली नाही.

चाकणला माझ्याकडे सुरुवातीला साधनांच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी आणि नव्या साधनांचा गेज आर अँड आर अभ्यास हे काम असेल असे सांगण्यात आले आहे. उद्यमनगरातील मास्टर जॉब लवकरच पुन्हा तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाणार आहे. तो किती झिजला हे पाहण्यासाठीची नोंदवही आम्ही तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवली आहे. लहान कारखान्यांतील ज्या वाचकांकडे अॅल्युमिनियमचे बोअर होतात आणि पोलादी रिंगेवर डायल लावली जाते, त्यांना हा प्रयोग कोणत्याही खर्चाशिवाय करता येईल: एक तयार जॉब आणि रिंग रात्रभर एकाच पाटावर ठेवा, सकाळी मोजा, दुपारी पुन्हा रिंगेवर डायल लावून मोजा आणि दोन्ही वेळचे पाटाचे तापमान शेजारी लिहा, शक्य झाल्यास, आम्ही लावला नव्हता तो तापमापक जॉबलाही लावा.